उन्हाळी सुट्टीत कुठे जायचं? आधी आठवडा ठरवा, मग ठिकाण

उन्हाळी सुट्टीच्या सहलीचं नियोजन बहुतेक घरांत नावापासून सुरू होतं. महाबळेश्वर, मनाली की उटी, यावर चर्चा होते, एका नावावर एकमत होतं आणि मग सुट्टीतले सोयीचे दिवस त्याला जोडले जातात. हा क्रम उलटा करा, एवढंच माझं सांगणं आहे. थंड हवा आणि कमी गर्दी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची शक्यता ठिकाणापेक्षा आठवड्यावर जास्त अवलंबून असते. मुलांना घेऊन पहिल्यांदाच मे-जूनमध्ये बाहेर पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी धरून तो लिहिला आहे.

पहिली पायरी: इतरांची सुट्टी बघा

गर्दी म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांची सुट्टी. थंड हवेच्या प्रत्येक ठिकाणाकडे येणारी माणसं ठरावीक प्रदेशांतून येतात आणि त्या प्रदेशांतल्या शाळांचं वेळापत्रक आपल्यापेक्षा वेगळं असतं. गर्दीचं गणित या फरकातून सुटतं.

महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. विदर्भात उन्हामुळे शाळा त्यानंतर थोड्या उशिराने उघडतात. कर्नाटकात सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लागते आणि मेअखेरीस संपते. केरळमध्ये एप्रिल आणि मे हे दोन महिने सुट्टीचे असतात, जूनच्या आरंभी शाळा भरतात. तामिळनाडूतही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाळा सुरू होतात. ऊन फार असेल तर ही तारीख काही दिवस पुढे ढकलली जाते, हे गेल्या काही वर्षांत घडलेलं आहे. दिल्ली आणि आसपासच्या शाळांना मात्र मेच्या मध्यानंतर सुट्टी लागते आणि ती जूनअखेरपर्यंत चालते. गुजरातची सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

आता एका कागदावर एप्रिल ते जून असे आठवडे आडवे मांडा आणि प्रत्येक राज्याच्या सुट्टीची एक पट्टी काढा. दोन फटी लगेच दिसतील. मेच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत आपल्या मुलांना सुट्टी असते, पण दिल्लीकडच्या मुलांना नसते. म्हणजे हिमाचल आणि उत्तराखंडसाठी हा काळ बरा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपली सुट्टी चालू असते, पण दक्षिणेतल्या शाळा भरायला लागलेल्या असतात. म्हणजे निलगिरी आणि कोडाईकनालसाठी तो काळ बरा. १५ मे ते ३१ मे हा पंधरवडा मात्र सगळ्यांचा सामाईक. याच पंधरवड्यात जाणं भाग असेल तर गर्दी टाळता येत नाही, ती फक्त कमी करता येते. ते कसं, हे पुढे येईल.

घरातली दोन मुलं वेगवेगळ्या मंडळांच्या शाळांत असतील तर आधी त्यांच्या सुट्टीचे सामाईक दिवस काढा. राज्य मंडळाची आणि केंद्रीय मंडळाची सुट्टी एकाच शहरातही जुळत नाही. तिकिटं काढल्यानंतर मोठ्याची शाळा आठवडाभर आधीच उघडते असं कळलं, तर सगळं मुसळ केरात.

दुसरी पायरी: थंडावा उंचीवरून मोजा

"थंड हवेचं ठिकाण" ही पाटी कुठेही लागते. खरा थंडावा उंचीने ठरतो. वर चढताना हवा विरळ होते, प्रसरण पावते आणि थंड होते. सरासरी दर १,००० मीटरला साधारण ६ ते ६.५ अंश तापमान उतरतं. अंदाज काढताना आपल्या शहराचं तापमान धरू नका. त्या डोंगराच्या पायथ्याचं गाव धरा.

उदाहरणार्थ, उटीच्या पायथ्याकडचं कोइम्बतूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर आहे आणि मेमध्ये तिथे दुपारी ३५ अंशांच्या आसपास तापमान असतं. उटी सुमारे २,२४० मीटरवर. फरक १,८०० मीटरहून थोडा जास्त, म्हणजे ११ ते १२ अंशांची उतरण. उत्तर २३-२४ अंश येतं आणि मेमधली उटीची दुपार खरंच तेवढीच असते. हेच गणित माउंट अबूला लावा. पायथ्याला ४१ अंश, अबूची उंची सुमारे १,२०० मीटर, फरक ९०० मीटरच्या आसपास, उतरण सहाएक अंशांची. म्हणजे भर दुपारी ३४-३५ अंश. संध्याकाळ सुखाची असेल, पण दुपारी मुलांना घेऊन फिरता येणार नाही.

या हिशेबाने नावं तीन गटांत पडतात. लोणावळा सहाशेएक मीटरवर आणि माथेरान आठशेच्या आसपास. मेमध्ये ही ठिकाणं थंड नसतात. माथेरानला दाट झाडी आणि मोटारबंदी आहे म्हणून ते सुसह्य होतं, पण दुपारी घाम येणारच. पचमढी आणि चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १,३५० ते १,४०० मीटर. महाबळेश्वरला समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचा फायदा मिळतो, म्हणून तिथली मेमधली दुपार तिशीच्या आसपास राहते आणि रात्री पंखा लागत नाही. पचमढी आणि चिखलदऱ्याला तो वारा नाही. तिथे दुपार तापते आणि रात्र निवते. तिसरा गट १,८०० ते २,३०० मीटरचा: कुन्नूर, कोटगिरी, उटी, कोडाईकनाल, शिमला, मनाली, मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग. दिवसभर बाहेर राहता येईल असा थंडावा याच गटात मिळतो.

याहून वर जायचं असेल तर हिशेब बदलतो. २,५०० मीटरच्या पुढे काहींना विरळ हवेचा त्रास सुरू होतो. लेह ३,५०० मीटरवर आहे. विमानाने थेट उतरल्यावर पहिले दोन दिवस जवळजवळ विश्रांतीतच काढावे लागतात. लहान मूल डोकं दुखतंय असं नीट सांगू शकत नाही. ते चिडचिडं होतं, खात नाही, झोपत नाही, आणि आपण समजतो प्रवासाने थकलंय. पाच-सहा वर्षांच्या मुलांसोबतची पहिली डोंगरसहल २,३०० मीटरच्या आत ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव ठरवण्याआधी हवामान खात्याचे त्या ठिकाणाचे मे-जूनचे आकडे बघा आणि त्यात किमान तापमानही वाचा. रात्री १० अंश असतील तर मुलांना स्वेटर लागतील. रात्री २५ असतील तर खोलीत वातानुकूलन आहे का हे विचारावं लागेल, कारण डोंगरावरच्या बऱ्याच जुन्या निवासांत ते नसतं.

तिसरी पायरी: गर्दी कुठे तुंबते ते शोधा

गर्दी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. ती एखाद्या घाटात, एखाद्या चौकात, एखाद्या तळ्याकाठी तुंबते. डोंगरावरच्या गावाला यायला-जायला एक-दोनच रस्ते असतात आणि सगळ्यांच्या गाड्या तिथूनच वर येतात. महाबळेश्वरला वाईकडून जाणाऱ्यांना पसरणी घाट चुकत नाही. पाचगणीच्या बाजारपेठेतला रस्ताही तोच.

हे आधी तपासायची एक साधी युक्ती आहे. तुम्ही ज्या वारी, ज्या वेळी घाट चढणार आहात, त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, त्याच वारी आणि त्याच वेळी, मोबाईलवरच्या नकाशात त्या रस्त्याची वाहतूक बघा. शनिवारी सकाळी अकराला घाट लाल दिसला तर पुढच्या शनिवारी तो हिरवा होणार नाही. मग बुधवारी त्याच वेळी पुन्हा बघा. फरक डोळ्यांनी दिसतो आणि घरातल्या सगळ्यांना पटतो.

यातून वारांचा नियम निघतो: रविवारी दुपारनंतर किंवा सोमवारी वर पोचा, शुक्रवारी सकाळी उतरा. रविवारी संध्याकाळी खाली येणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि वर जाणारी बाजू मोकळी असते. १ मे आणि मेमध्ये येणारी बुद्धपौर्णिमा शनिवार-रविवारला जोडून आल्या तर ते दिवस सरळ वगळा. सामाईक पंधरवड्यातच जावं लागणाऱ्यांना गर्दी कमी करण्याचा सर्वांत मोठा उपाय हाच आहे.

दुसरा उपाय मुक्कामाच्या जागेचा. प्रसिद्ध गावात न राहता त्याच उंचीवरच्या शेजारच्या गावात राहा. उटीऐवजी कुन्नूर किंवा कोटगिरी, मनालीऐवजी नग्गर, शिमल्याऐवजी मशोबरा, नैनितालऐवजी मुक्तेश्वर. प्रसिद्ध ठिकाण एखाद्या दिवशी सकाळी सात वाजता निघून बघून यायचं आणि गर्दी जमायच्या आत परतायचं. शेजारचं गाव निवडताना त्याची उंची मात्र बघा. नैनितालजवळचं भीमताल सुंदर आहे, पण ते नैनितालपेक्षा सहाशे-सातशे मीटर खाली आहे. तिथे दुपारी फरक जाणवतो.

लहान गावाची दुसरी बाजूही नीट समजून घ्या. तिथे बालरोगतज्ज्ञ नसतो, रात्री औषधाचं दुकान बंद असतं, आणि निवासापर्यंतचे शेवटचे तीनशे मीटर कधी कधी पायऱ्यांचे असतात. छायाचित्रात पायऱ्या दिसत नाहीत. फोन करून तीन प्रश्न विचारा: गाडी दारापर्यंत येते का, खोली कितव्या मजल्यावर आहे, आणि मेमध्ये पाणी कुठून येतं. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. डोंगरातले झरे मेमध्ये आटतात आणि नेमकी तेव्हाच माणसं वाढतात. मे २०१८ मध्ये शिमल्यात पाण्याची टंचाई इतकी तीव्र झाली की पर्यटकांनी सध्या येऊ नये असं आवाहन तिथल्या लोकांकडून झालं. "टँकर येतो" असं उत्तर मिळालं तर दुसरी जागा बघा.

चौथी पायरी: पास आणि तिकिटं

गर्दी वाढल्यामुळे काही ठिकाणी गाड्यांवर मर्यादा आली आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी आणि कोडाईकनालला बाहेरून येणाऱ्या गाड्यांना ई-पास लागू झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात तर रोजच्या गाड्यांची संख्याही ठरवली गेली: निलगिरीसाठी कामाच्या दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००, कोडाईकनालसाठी ४,००० आणि ६,०००. सार्वजनिक बसला हा पास लागत नाही. निघण्याआधी त्या वर्षीचा नियम तामिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर बघून घ्या आणि भाड्याची गाडी करत असाल तर पास कोण काढणार हे चालकाशी आधीच बोला. मनालीहून रोहतांग खिंडीत जाणाऱ्या गाड्यांनाही परवाना लागतो आणि रोजची संख्या ठरलेली असते.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे ७ जूनला निघायचं असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, खिडकी उघडते त्या सकाळीच तिकीट काढायला हवं. आधी तिकीट, मग निवास, असा क्रम ठेवा. निवास घेताना ठरावीक तारखेपर्यंत पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या, म्हणजे तिकीट निश्चित झालं नाही तर सुटका होते.

एक कुटुंब, एक निर्णय

आता हे सगळं एका घराला लावून बघू. आई-बाबा, बारा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आजी. मुलांची सामाईक सुट्टी ४ मे ते १३ जून. प्रवास धरून आठ दिवस हाताशी. घरात तीन नावं चालू आहेत: महाबळेश्वर, मनाली, उटी.

महाबळेश्वर जवळ आहे, आजीला प्रवास कमी. पण ते मुंबई, पुणे आणि गुजरात यांचं सामाईक ठिकाण आहे, त्यामुळे संपूर्ण मे महिना भरलेला असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरते, पण मोसमी पाऊस तिथे त्याच सुमाराला पोचतो आणि महाबळेश्वरचा पाऊस म्हणजे धुकं आणि दिवसभर धार. पाऊस बघायला जायचं असेल तर उत्तमच. मुलांना घेऊन फिरायला जायचं असेल तर नाही. मेमधले सोमवार ते गुरुवार एवढाच पर्याय उरतो, आणि दुपार तिशीच्या वर गेली तरी चालेल अशी तयारी हवी.

मनालीसाठी मेचा पहिला आठवडा चांगला. पण ४ मेला सुट्टी लागणार आणि ५ तारखेला निघायचं, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला, ऐन परीक्षेच्या दिवसांत, तिकीट काढायला हवं. शिवाय दिल्ली किंवा चंदीगडपासून पुढचा रस्ता लांबचा आहे. मैदानातलं चाळीस अंशांकडे झुकणारं ऊन आणि त्यानंतर तासन् तास वळणांचा घाट, हे पाच वर्षांच्या मुलाला आणि आजीला एकाच दिवशी सोसायचं नाही. ठिकाण कितीही थंड असलं तरी तिथे पोचण्याचा रस्ता किती तापलेला आहे, हे हिशेबात धरावंच लागतं.

उरलं उटी. मेमध्ये कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या तिन्ही राज्यांची गर्दी तिथे असते. ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओसरलेली असते. प्रश्न पावसाचा. केरळात मोसमी पाऊस साधारण १ जूनला दाखल होतो, म्हणजे निलगिरीच्या पश्चिम उतारावर तो लगेच पोचतो. पण निलगिरीची पूर्व बाजू वेगळी आहे. दोड्डबेट्टाची रांग नैर्ऋत्येकडून येणारे ढग अडवते, आणि तिच्या आडोशाला असलेल्या कोटगिरीला मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिळतो. कोडाईकनालचंही असंच आहे. जूनमध्ये तिथे ढग असतात, सरी येतात, पण दिवस वाया जात नाही. रस्त्याचंही सोपं पडतं: मोसमी वारे पालघाटच्या खिंडीतून आत शिरत असल्यामुळे कोइम्बतूर जूनमध्ये मेपेक्षा निवलेलं असतं.

म्हणून या कुटुंबाने कोटगिरी निवडावं. शनिवारी, ६ जूनच्या आसपास, रेल्वेने निघायचं. प्रवास एका दिवसाहून जास्त आहे, पण आजीला झोपून जाता येतं. कोइम्बतूरला रविवारी रात्री मुक्काम, सोमवारी सकाळी मेट्टुपाळयममार्गे घाट. मेट्टुपाळयम ते कोटगिरी हे अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे. मुलाला गाडी लागत असेल तर वाटेत एकदा थांबायचं. सोमवार ते गुरुवार चार रात्री वर. त्यातली एक सकाळ उटीसाठी, एक कुन्नूरसाठी, बाकी वेळ गावातच. शुक्रवारी सकाळी उतरून परतीची गाडी, शनिवारी रात्री घरी. रविवारी विश्रांती, सोमवारी शाळा.

या आराखड्यात दोन कच्चे दुवे आहेत. तामिळनाडूतल्या शाळा उशिरा उघडल्या तर गर्दी आठवडाभर लांबेल. मेअखेरीस वर्तमानपत्रात ती बातमी येते, तेव्हा बघून उटीला जायचा दिवस मंगळवार-बुधवार ठेवायचा. दुसरा दुवा पावसाचा. काही वर्षी मोसमी पाऊस लवकर आणि जोराने येतो. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी हवामान खात्याचा निलगिरी जिल्ह्याचा इशारा बघा. पिवळा असेल तर छत्र्या घेऊन निघा. नारिंगी किंवा लाल असेल तर घाटात दरड कोसळण्याची भीती असते, रस्ते बंद होतात. अशा वेळी कोइम्बतूरमध्ये एक रात्र वाढवून इशारा उतरल्यावरच वर चढा. म्हणूनच पहिल्या रात्रीचं निवास रद्द करता येईल असं घ्यायचं आणि आजीची औषधं आठऐवजी अकरा दिवसांची बांधायची.